गंभीर चेहरा म्हणजे रागीट स्वभाव नव्हे

‘ज्याचा चेहरा कायम चिडलेला, तो मनातूनही तुसडाच असतो.’

हे खरे नाही. भुवया खाली, डोळ्यांलगत असल्या किंवा ओठांचे कोपरे वयोमानाने झुकले, की स्नायू सैल असतानाही चेहऱ्याची ठेवण रागाच्या खुणांशी जुळते आणि पाहणारा त्या ठेवणीलाच भावना समजतो. अनोळखी चेहऱ्याबद्दलचे मत सेकंदाच्या दहाव्या भागातही बनते, असे मानसशास्त्रज्ञ विलिस आणि टोडोरोव्ह यांनी २००६ मध्ये दाखवले. अधिक वेळ मिळाल्यास बहुधा त्या मताची खात्रीच वाढते. त्यामुळे मुलाखतीत शांतपणे ऐकणाऱ्या उमेदवार स्त्रीला ‘चिडलात का?’ असे विचारले जाते, आणि तिचे लक्ष प्रश्नांऐवजी हसू टिकवण्याकडे जाते, जे मला फार अन्यायाचे वाटते. रागाचा अंदाज घ्यायचाच असेल, तर तिच्या नेहमीच्या चेहऱ्यात आणि आवाजात झालेला बदल पाहावा.