भाडेकरूने लाइट बिल आणायचं कुठून?

"रेंट अग्रीमेंट चालत नाही. लाइट बिल आणा."

बँक खात्यावरचा पत्ता बदलायला गेले, तर हे उत्तर. बस, विषय संपला. बँकेच्या काउंटरवरचा माणूस पुन्हा स्क्रीनकडे वळला आणि मी हातातल्या फाइलकडे बघत उभी. अहो, लाइट बिल मालकाच्या नावावर असतं! महापालिकेच्या कराची पावतीही मालकाच्याच नावावर. पाइप गॅस मालकाचा, पाण्याचं बिल सोसायटीचं. भाडेकरूच्या नावावर या शहरात असतो तो एकच कागद, लिव्ह अँड लायसन्सचा करार. आणि नेमका तोच चालत नाही.

करार म्हणजे मी टपरीवर टाइप करून आणलेला कागद नव्हे. महाराष्ट्रात तो नोंदवावाच लागतो. मुद्रांक शुल्क भरलं, शहरात नोंदणी फी हजार रुपये असते ती भरली, आधार आणि अंगठा देऊन सरकारी दप्तरात नोंद झाली. त्याला दस्त क्रमांक आहे, नोंदणीचा सारांश असलेला इंडेक्स टू आहे. पण बँकेच्या लेखी या सगळ्याची किंमत शून्य.

आता संताप बाजूला ठेवून नियम काय म्हणतो ते सांगते, कारण काउंटरवर ते कुणी सांगत नाही. रिझर्व्ह बँकेच्या केवायसी निर्देशांत ओळख आणि पत्ता दोन्हींसाठी चालणारी मुख्य कागदपत्रं मोजकी आहेत: पासपोर्ट, ड्रायव्हिंग लायसन्स, मतदार ओळखपत्र, आधार, नरेगाचं जॉबकार्ड आणि राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवहीचं पत्र. पॅन त्यात नाही, त्यावर पत्ताच नसतो. या मुख्य कागदावर जुना पत्ता असेल तर तात्पुरता पुरावा म्हणून दुसरी यादी आहे. वीज, टेलिफोन, पोस्टपेड मोबाइल, पाइप गॅस किंवा पाण्याचं दोन महिन्यांच्या आतलं बिल, मालमत्ता कराची पावती, पत्ता असलेला सरकारी पेन्शनचा आदेश. मालकाने घर दिल्याचं पत्र आणि त्यासोबतचा लिव्ह अँड लायसन्स करारही त्यात आहे, पण हा मालक म्हणजे नोकरी देणारा: सरकारी खातं, बँक किंवा शेअर बाजारात नोंद असलेली कंपनी. घरमालक नव्हे. म्हणजे कंपनीने क्वार्टर दिलं तर करार पवित्र, आणि स्वतःच्या पगारातून भाडं भरलं तर रद्दी! आणि हे दुसऱ्या यादीतले कागद दिले तरी तीन महिन्यांत नवीन पत्त्याचा मुख्य कागद द्यावाच लागतो.

तेव्हा काउंटरवरचा माणूस खोटं बोलला नव्हता. चीड याची आहे की त्याने अर्धंच सांगितलं. माझं खातं जुनं, बार्शीच्या शाखेतलं, केवायसीची मुदत आलेली, बदललाय तो फक्त पत्ता. अशा वेळी ग्राहकाने नवा पत्ता स्वतःच्या घोषणेने कळवावा, बँकेने तो दोन महिन्यांत पडताळावा, असं रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केलंय. पत्र पाठवून किंवा घरी माणूस पाठवून बघा ना! हो, बँकेच्या स्वतःच्या धोरणात लिहिलेलं असेल तर ती पत्त्याचा कागद मागू शकते. मग ते धोरण दाखवा. ते मागितलं की साहेब जेवायला गेलेले असतात.

दुसरी वाट आधारच्या बायोमेट्रिक ई-केवायसीची. अंगठा लावून ओळख पटली आणि आधारवरचा पत्ता जुना असला, तरी सध्याचा पत्ता स्वयंघोषणेवर देता येतो. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये नियमात ही सोय आली ती गाव सोडून शहरात आलेल्यांसाठीच, म्हणजे आमच्यासारख्यांसाठीच. यावर मला उत्तर मिळालं, "मशीन बंद आहे."

मग शेवटी काय, तर तोच करार फिरून आणायचा. कारण आधारचा पत्ता बदलायला नोंदणीकृत करार चालतो! ज्या कागदाला बँक हात लावत नाही, त्याच कागदावर आधार बदलतं आणि त्या आधारला बँक मान डोलावते. `myaadhaar.uidai.gov.in` वर लॉगिन करून पत्ता बदलण्याचा अर्ज करायचा. करार आपल्याच नावावर हवा आणि नाव आधारवर आहे तसंच हवं. सगळी पानं एकाच पीडीएफमध्ये द्या, नुसतं पहिलं पान नको.

आता पुण्याची खास गंमत. माझं घर कर्वेनगरला. करारात मिळकतीचं वर्णन 'मौजे हिंगणे बुद्रुक', कारण जमिनीच्या दप्तरात ते गाव अजून तसंच आहे. फॉर्मवर मी लिहिलं कर्वेनगर. "पत्ता जुळत नाही, मॅडम." पिनकोड दोन्हीकडे ४११०५२, फ्लॅट नंबर तोच, इमारत तीच, पण नाही! पुण्यात राहून बँकेत बसलेल्या माणसाला हिंगणे बुद्रुक म्हणजे कर्वेनगर हे सांगावं लागतं.

म्हणून आधारचा अर्ज भरताना इमारत, फ्लॅट आणि पिनकोड करारातल्यासारखाच ठेवा आणि 'हिंगणे बुद्रुक, कर्वेनगर' अशी दोन्ही नावं लिहा. बदल मंजूर झाला की ई-आधार नव्याने उतरवून घ्या. पाकिटातलं जुनं प्लास्टिकचं कार्ड नेऊ नका, त्याच्या क्यूआर कोडमध्ये जुनाच पत्ता असतो. नव्या ई-आधारचा क्यूआर, आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या अॅपने आधी घरीच स्कॅन करा. त्यात जे नाव, जन्मतारीख आणि पत्ता दिसेल तेच बँकेच्या फॉर्मवर अक्षरन् अक्षर उतरवा. स्वतःचं डोकं चालवून 'जवळ' आणि 'समोर' घालू नका.

पत्ता जुळला तरी नाव अडवू शकतं. आधारवर वडिलांचं नाव पूर्ण, पॅनवर नुसतं आद्याक्षर, पासबुकावर तिसरंच काही, हे घरोघरी आहे. तिन्ही समोर ठेवून नाव आणि जन्मतारीख आधी ताडून बघा. लग्नानंतर आडनाव बदललं असेल, तर जुन्या नावाच्या कागदासोबत सरकारी विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नोंद द्यायची. ती असताना कुणी "आधी पॅन बदलून आणा" म्हणत असेल, तर नियमात असं कुठे आहे ते विचारा.

आणि काहीही नाकारलं तर तोंडी ऐकून घरी येऊ नका. अर्ज दोन प्रतींत न्या, एकावर शिक्का आणि तारीख घ्या. शिक्का द्यायला नकार दिला तर तोच अर्ज बँकेच्या तक्रार विभागाला ईमेल करा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर `cms.rbi.org.in` वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार होते, फुकट. माझा अर्ज गेलाय. खालच्या प्रतीवर शिक्का मारताना साहेबांनी विचारलं, "कशाला वाढवताय, मॅडम?"

मी म्हटलं, तारीखही टाका.