सर्व्हर यूटीसीवर असला तरी न्यूयॉर्कचे साडेनऊ सरकतातच

शेअर बाजारांचा डेटा ठरल्या वेळी आपोआप आणण्यावर मी लेख लिहिला होता, त्याखाली ही प्रतिक्रिया आली:

> लेख उगाच लांबवलाय. सर्व्हर यूटीसीवर ठेवा, क्रॉनमध्ये यूटीसी वेळ लिहा, विषय संपला. माझा न्यूयॉर्कच्या ओपनिंगचा जॉब दोन वर्षं रोज १४:३५ यूटीसीला चालतोय, एकदाही एरर आलेली नाही. डीएसटीची भीती घालून लोकांना गोंधळात टाकू नका.

सर्व्हर यूटीसीवर ठेवण्याबद्दल आपलं भांडणच नाही, माझेही सगळे तिथेच आहेत आणि टाइमस्टॅम्प यूटीसीतच साठवायचे हेही मला मान्य आहे. पण घडून गेलेली वेळ साठवणं वेगळं आणि पुढची वेळ ठरवणं वेगळं. एखादा ट्रेड झाला, तो क्षण यूटीसीत लिहिला, की तो कायमचा पक्का झाला. बाजार उघडण्याचं तसं नसतं. न्यूयॉर्कचा बाजार उघडतो तो तिथल्या घड्याळात साडेनऊ वाजले की, आणि ते घड्याळ डीएसटीमुळे, म्हणजे तिथल्या उन्हाळी वेळेमुळे, वर्षातून दोनदा यूटीसीच्या तुलनेत एक तास सरकतं. म्हणजे यूटीसी जागेवर राहतं आणि बाजार हलतो, आणि तुमचा जॉब यूटीसीला बांधलेला असल्यामुळे तो बाजाराबरोबर हलत नाही.

तुमच्याच सर्व्हरवर या दोन ओळी चालवून बघा:

```
TZ=America/New_York date -d '2026-01-14 14:35 UTC' '+%F %H:%M %Z'
TZ=America/New_York date -d '2026-07-15 14:35 UTC' '+%F %H:%M %Z'
```

पहिली ०९:३५ दाखवेल, दुसरी १०:३५. अमेरिकेत घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. २०२६ मध्ये ते दिवस ८ मार्च आणि १ नोव्हेंबर आहेत, मधले आठवडे मोजले तर ३४ भरतात. वर्षाच्या ५२ पैकी ३४ आठवडे तुमचा ‘ओपनिंगनंतर पाच मिनिटांनी’ वाला जॉब बाजार उघडून तास पाच मिनिटं झाल्यावर चालतोय. एरर येणार कुठून, त्या वेळी बाजार चालूच असतो, एपीआय नीट उत्तर देतो, भाव आजचाच असतो, फक्त तो ९:३५ चा नसतो आणि तुमच्या टेबलात मात्र ९:३५ चा म्हणून बसतो. म्हणूनच हे मला एररपेक्षा वाईट वाटतं.

मला हे कळलं ते पुस्तकातून नाही. माझा एक जुना सर्व्हर लंडनच्या वेळेवर होता आणि मी साधा हिशोब केला होता की लंडन न्यूयॉर्कच्या पाच तास पुढे, दोघेही डीएसटी पाळतात, म्हणजे फरक कायम पाचच राहणार, १४:३५ लिहिलं आणि सोडून दिलं. पण युरोप घड्याळ बदलतं मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. अमेरिका आधीच पुढे गेलेली असते, लंडन तिथेच असतं, आणि मधल्या काळात फरक चारच तासांचा होतो. २०२६ चं धरलं तर ९ ते २७ मार्च आणि २६ ते ३० ऑक्टोबर, म्हणजे पंधरा आणि पाच मिळून वीस ट्रेडिंगचे दिवस. उरलेलं सगळं वर्ष डेटा बरोबर आणि हे वीस दिवस तासभर उशिराचे, अशी चूक नजरेला दिसतच नाही.

दिसली कशात, तर व्हॉल्यूममध्ये. प्रत्येक स्नॅपशॉटबरोबर मी दिवसाचा तोवरचा एकूण व्हॉल्यूम साठवत होतो. सकाळी पाच मिनिटांत जितका साठतो त्याच्या कितीतरी पट पासष्ट मिनिटांत साठतो, त्यामुळे ग्राफ काढल्यावर त्या आठवड्यांत पायरीसारखा चढ होता आणि नंतर परत खाली. भावाच्या कॉलमकडे बघून हे कधीच कळलं नसतं, भाव काय, कुठेही असू शकतो. तुमच्याकडे तो कॉलम असेल तर एखाद्या मोठ्या शेअरचा दोन वर्षांचा ग्राफ काढा, मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात वर जाणारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात खाली येणारी पायरी दिसेल.

एक गोष्ट तुमच्या बाजूची पण आहे आणि ती मी लेखात स्पष्ट लिहायला हवी होती. जॉब फक्त दिवसाच्या शेवटचा असेल, म्हणजे बाजार चारला बंद झाला की दिवसाचा बार आणायचा, तर २१:२० यूटीसी हे बाराही महिने चालतं. हिवाळ्यात ते न्यूयॉर्कचं १६:२० होतं, उन्हाळ्यात १७:२०, दोन्ही वेळा बाजार बंद झालेला असतो. पण हे तुम्ही हिवाळ्यात हिशोब केलात म्हणून. जुलैत बसून हिशोब केला असता तर २०:२० लिहिलं असतं, आणि नोव्हेंबरपासून तो जॉब १५:२० ला, बाजार चालू असताना गेला असता. मग दिवसाचा बार मिळतो, तारीख आजची, ओपन हाय लो क्लोज सगळं भरलेलं, पण तो क्लोज म्हणजे शेवटच्या चाळीस मिनिटांआधीचा चालू भाव, आणि क्लोजिंग ऑक्शनचा मोठा व्हॉल्यूम त्यात नाहीच.

आता बरेच जण म्हणतात, ठीक आहे, वर्षातून दोनदा क्रॉनमधला तास हाताने बदलू. न्यूयॉर्कपुरतं जमेलही, लक्षात राहिलं तर. सिडनीला मात्र नुसता तास बदलून भागत नाही. तिथला बाजार सकाळी दहाला उघडतो, समजा आपल्याला १०:१५ ला डेटा हवाय. तिथल्या हिवाळ्यात सिडनी यूटीसीच्या दहा तास पुढे, म्हणजे ००:१५ यूटीसी, सोमवार ते शुक्रवार, सरळ. ४ ऑक्टोबर २०२६ ला तिथे डीएसटी लागलं की फरक अकरा तासांचा, म्हणजे तीच वेळ आदल्या दिवशीची २३:१५ यूटीसी. आता सिडनीचा सोमवार यूटीसीच्या रविवारी येतो. तुम्ही तास बदलून `15 23 * * 1-5` लिहिलंत तर सोमवारचा डेटा येणारच नाही, आणि शुक्रवारी २३:१५ ला जॉब चालेल तेव्हा सिडनीत शनिवार सकाळ असेल, बाजार बंद, आणि एपीआय बहुतेक शुक्रवारचाच शेवटचा भाव परत देईल. एका तासाच्या फरकाने आठवड्याचा वारच बदलला.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की शेड्यूल एक्सचेंजच्या झोनमध्ये लिहा, झोनच्या पूर्ण नावाने, आणि यूटीसीत बदलण्याचं काम मशीनला करू द्या. सिस्टमडीचा टायमर वापरत असाल तर झोन तिथेच लिहिता येतो:

```
[Timer]
OnCalendar=Mon..Fri 09:35 America/New_York
AccuracySec=1s
```

दुसरी ओळ विसरू नका, ती नसेल तर टायमरला एका मिनिटापर्यंत उशीर करायची मुभा असते. आणि मार्चची वाट न बघता आजच तपासता येतं:

```
systemd-analyze calendar --base-time='2026-03-05' --iterations=4 'Mon..Fri 09:35 America/New_York'
```

यात ५ आणि ६ मार्चला १४:३५ यूटीसी आणि ९ मार्चपासून १३:३५ यूटीसी दिसलं की समजायचं बरोबर आहे.

क्रॉनच वापरायचा असेल तर एक खड्डा आहे ज्यात मी खूप जणांना पडताना बघितलंय. क्रॉनटॅबच्या वर `TZ=America/New_York` लिहिलं की लोकांना वाटतं झालं, पण ते फक्त चालणाऱ्या स्क्रिप्टला मिळतं, जॉब कधी चालवायचा हे क्रॉन सर्व्हरच्याच वेळेने ठरवतो. त्यासाठी वेगळं `CRON_TZ` आहे, ते क्रोनी नावाच्या क्रॉनमध्ये चालतं, रेड हॅटच्या कुटुंबात तोच असतो. डेबियनच्या नेहमीच्या क्रॉनचं मॅन पेज स्वतःच सांगतं की वेगळा टाइमझोन चालत नाही. अशा ठिकाणी मी जॉब दोन्ही तासांना चालवतो आणि स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत न्यूयॉर्कचा तास बघतो:

```
35 13,14 * * 1-5 /opt/pull/ny_open.sh
```

```
[ "$(TZ=America/New_York date +%H)" = "09" ] || exit 0
```

वर्षभर दोनपैकी एकच पुढे जातो, दुसरा गपचूप परत फिरतो. सिडनीसाठी क्रॉनमध्ये वाराच्या जागी तारा ठेवायचा आणि वारही स्क्रिप्टमध्येच सिडनीच्या झोनने तपासायचा.

यात झोनचं नाव अक्षर न अक्षर बरोबर हवं. `America/NewYork` असं अंडरस्कोर न देता लिहिलं तर `date` तक्रार करत नाही, मुकाट्याने यूटीसी धरतो. तेच छोट्या कंटेनर इमेजमध्ये होतं जिथे `tzdata` पॅकेजच नसतं. मग वरच्या अटीत ‘०९’ कधीच येत नाही, दोन्ही जॉब रोज शांतपणे परत फिरतात आणि डेटा येणं बंद होतं. म्हणून स्क्रिप्ट सुरू होताना `/usr/share/zoneinfo/America/New_York` फाइल आहे का ते बघा, नसेल तर मोठ्याने एरर द्या.

सुट्ट्या आणि अर्धे दिवस झोनला माहीत नसतात, तेही सांगून ठेवतो. झोन फक्त घड्याळाचा फरक सांगतो, बाजाराचे तास एक्सचेंज ठरवतं. टोकियोने ५ नोव्हेंबर २०२४ पासून बंद व्हायची वेळ १५:०० वरून १५:३० केली तेव्हा झोनमध्ये काहीच बदललं नव्हतं, तरी १५:०५ चे सगळे जॉब चुकीचे झाले. यावर मी एकच तपासणी ठेवतो. आलेल्या डेटातल्या शेवटच्या ट्रेडची वेळ एक्सचेंजच्या झोनमध्ये बदलायची, तारीख आजची आहे का आणि वेळ जॉबच्या अपेक्षित वेळेच्या एकदोन मिनिटांत आहे का ते बघायचं. नसेल तर ती ओळ टेबलात जाऊ द्यायची नाही. तुमच्या जॉबला ही अट असती तर १०:३५ चा पहिलाच भाव तिथेच अडकला असता.

राहिला तुमचा दोन वर्षांचा जमलेला डेटा. तो टाकून देऊ नका. प्रत्येक ओळीबरोबर डेटा आणल्याची यूटीसी वेळ साठवली असेल तर ती न्यूयॉर्कच्या झोनमध्ये बदलून वेगळा कॉलम करा, १०:३५ च्या ओळी लगेच वेगळ्या निघतील. ज्यांच्याकडून डेटा घेता ते जुने एक मिनिटाचे बार देत असतील तर त्या दिवसांचे ९:३५ चे भाव त्यातून परत भरा, आणि देत नसतील तर त्या ओळींवर १०:३५ असंच लिहून ठेवा आणि ओपनिंगच्या हिशोबातून बाहेर काढा. बॅकटेस्ट या डेटावर चालवली असेल तर ती मात्र नव्याने चालवावी लागेल.