खाते नंबर बरोबरच होता, मावशी

सरकारी योजनेचा हप्ता पडला की दुसऱ्या दिवशी शटर वर जायच्या आधीच पायरीवर माणसं बसलेली. हातात पासबुक, आणि तोंडात एकच वाक्य: "शेजारणीचे आले, माझे नाहीत. तुम्ही खाते नंबर चुकीचा टाकला." विटा घ्या, तासगाव घ्या, नाहीतर कराड. एसटी स्टँडसमोर नाहीतर तहसील कचेरीबाहेर फॉर्म भरून देणाऱ्या कुणालाही विचारा, त्याच्या महिन्यातले काही दिवस ह्या एका वाक्यात जातात. फॉर्मची प्रिंट काढून दाखवा, नंबरावर बोट ठेवा, पासबुकाशी एकेक आकडा जुळवून दाखवा. शेवटी "मग पैसे कुठं गेले?" आहेच. चोर आम्हीच.

तर एकदाच आणि चढ्या आवाजात सांगतो. लाडकी बहीण असो, पीएम किसान असो, पैसे आधार नंबरावरून सुटतात तिथं फॉर्ममधल्या खाते नंबरावरून पैसे जातच नाहीत. नंबर शंभर टक्के बरोबर असला तरी पैसे दुसरीकडं जाऊ शकतात.

पैसे जातात कसे ते बघा. सरकार आधार नंबर आणि रक्कम पुढं पाठवतं. मध्ये एनपीसीआय नावाची संस्था आहे, तिच्याकडं एक भलीमोठी यादी असते. त्या यादीत तुमच्या आधार नंबरापुढं एका बँकेचं नाव असतं. एकाच. खाते नंबर त्या यादीत नसतोच. पैसे त्या बँकेकडं जातात आणि त्या आधारला आपलं कुठलं खातं जोडलंय ते ती बँक आपल्या दप्तरात बघून जमा करते. यादीत तुमच्यापुढं कुठलंच नाव नसेल तर पैसे माघारी. ह्या यादीत नाव चढवण्याला सीडिंग म्हणतात, आणि ते फक्त बँकेच्या हातात आहे. आमच्या कॉम्प्युटरवरून ते होत नाही, तलाठ्याकडून होत नाही, अंगणवाडी ताईंकडून होत नाही.

"मग फॉर्ममध्ये खाते नंबर विचारतात कशाला?" हे आम्हाला विचारू नका. आम्हीही हाच प्रश्न घेऊन बसलोय. नंबर विचारायचा, पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटो चढवायला लावायचा, फोटो धूसर असला तर अर्ज परत पाठवायचा, आणि पैसे सोडताना त्या नंबराकडं ढुंकूनही बघायचं नाही. बरं, आपल्याकडच्या माणसाला सवय कसली? ऊसबिल कारखान्याला दिलेल्या खात्यावर येतं, दूधबिल डेअरीला दिलेल्या खात्यावर येतं. नंबर दिला तिथं पैसा, हा त्याचा जन्माचा हिशेब. त्याला दोष कसा द्यायचा? फॉर्मवर एक ओळ ठळक छापली असती की पैसे आधारला जोडलेल्या खात्यावर जातील, तर निम्मी भांडणं मिटली असती. अशी ओळ असलीच तर मुंगीएवढ्या अक्षरात, त्या हमीपत्राच्या पोटात, जे वाचायला कुणाला वेळ नसतो.

आता बँकेकडं या. मावशी बँकेत जातात, रांगेत उभ्या राहतात, खिडकीवर विचारतात, "माझं आधार लिंक आहे का?" आतला साहेब मान वर न करता म्हणतो, "आहे." आणि तो खोटं बोलत नाही, इथंच सगळी गोम आहे. त्याच्या कॉम्प्युटरवर खात्यासमोर आधार नंबर दिसतोय. केवायसी करताना कधीतरी झेरॉक्स दिली होती, ती चढवलीय. पण तो आधार त्या बँकेच्या दप्तरात आहे, एनपीसीआयच्या यादीत नाही. ही दोन वेगळी कामं आहेत आणि पहिलं झालं म्हणून दुसरं होत नाही. मावशी परत आमच्याकडं: "बँकवाले म्हणतात सगळं बरोबर आहे, तुमच्याकडनंच चुकलंय."

त्यात आणखी एक फसवं लक्षण. "अहो, अंगठा लावला की पैसे निघतात की माझे! म्हणजे आधार जोडलेलंच आहे." नाही. अंगठ्यावर पैसे काढताना मशीनवर बँक आपण निवडून देतो. त्या बँकेत आधार चढवलेला असला की पैसे निघतात, यादीत नाव कुणाचंही असो. एकाच बाईचे अंगठ्यावर दोन बँकांतून पैसे निघू शकतात, पण सरकारचा हप्ता पडेल एकाच बँकेत.

खरं काय ते बघायची जागा एकच धरा. myaadhaar.uidai.gov.in उघडायचं, आधार नंबर आणि खालची वेडीवाकडी अक्षरं टाकायची, मोबाइलवर आलेला ओटीपी टाकून आत जायचं आणि Bank Seeding Status वर दाबायचं. चार गोष्टी दिसतात: आधारचे शेवटचे आकडे, बँकेचं नाव, Active की Inactive, आणि शेवटचा बदल कधी झाला ती तारीख. खाते नंबर दिसत नाही, तेव्हा "नंबर दाखवा की" म्हणून आमच्या डोक्यावर बसू नका. बँकेचं नाव आणि तारीख ह्या दोन गोष्टींत बहुतेक उत्तर असतं. पीएम किसानवाल्यांनी त्यांच्या पोर्टलवर Know Your Status मध्येही बघावं. तिथं जमिनीची नोंद, ई-केवायसी आणि आधार-बँक सीडिंग असे तीन वेगळे रकाने आहेत. तिसऱ्यापुढं No असेल तर दहा वेळा ई-केवायसी करून काडीचा फरक पडत नाही. तरी लोक दर हप्त्याला ई-केवायसीच करत बसतात, कारण कुणीतरी ग्रुपवर टाकलेलं असतं.

नेहमीचा नमुना सांगतो. बाईंची तीन खाती. एक जुनं, सोसायटीच्या कामासाठी काढलेलं. दुसरं राष्ट्रीयीकृत बँकेतलं, ज्याचं पासबुक अर्जाला लावलं. तिसऱ्याचा त्यांना पत्ताच नाही: गावात देवळात कॅम्प लागला होता, "शून्य रुपयात खातं" म्हणून पोरांनी अंगठे घेतले, पासबुक दिलं नाही, एक कार्ड दिलं जे आता कुठंतरी डब्यात आहे. पान उघडलं की तिसऱ्याच बँकेचं नाव, पुढं Active, आणि तारीख बरोबर कॅम्पच्या महिन्यातली. खातं उघडताना सही-अंगठ्याच्या कागदात सरकारी पैसे ह्याच खात्यावर यावेत अशी संमती होती, ती वाचून कुणी दाखवली नाही. नवीन बँकेनं यादीत आपलं नाव चढवलं की जुनीचं उतरतं. आणि तिसऱ्या खात्यावर चौकशी केली तर हप्ते तिथं निवांत पडून. एक रुपया कुठं गेलेला नसतो. पण दोन महिने शिव्या कुणी खाल्ल्या?

आता ह्यावर करायचं काय? एक तर ते तिसरं खातंच वापरायचं, त्याचं पासबुक मागून घ्यायचं, संपलं. नाहीतर हव्या त्या बँकेत जाऊन डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यावर यावेत म्हणून, आधार सीडिंगचा संमती फॉर्म मागायचा. तोंडी "लिंक करा" म्हणायचं नाही, फॉर्मच मागायचा. त्यात दोन पर्याय असतात: आधी कुठंच सीडिंग नाही, किंवा अमुक बँकेत आहे ते इकडं फिरवा. आपल्या बाईंना दुसऱ्यावर खूण करायची आणि जुन्या बँकेचं नाव लिहायचं, जे आपल्या प्रिंटवर छापलेलंच असतं. ती प्रिंट त्यासाठीच काढून देतो आम्ही, पाच रुपयांसाठी नाही. फॉर्मची पोच घ्या, शिक्का आणि तारखेसह. काही दिवसांनी तेच पान परत उघडा. बँकेचं नाव आणि तारीख दोन्ही बदललं तर काम झालं. नाही बदललं तर फॉर्म ड्रॉवरमध्ये आहे, पोच घेऊन परत खिडकीवर.

आणि नाव फिरवायच्या आधी दोन गोष्टी कानात घाला. जुन्या बँकेत पडलेले हप्ते नव्या बँकेत आपोआप येत नाहीत, ते तिथूनच काढायचे. दुसरं, यादीत नाव एकच असल्यामुळं त्या बाईंच्या आधारवर येणारं सगळंच फिरतं, गॅसची सबसिडी असेल तर तीसुद्धा. पुढच्या महिन्यात "गॅसचे बंद झाले" म्हणून परत भांडायला येऊ नका.

बँकेकडं ही मागणी एनपीसीआयच्या साइटवरून घरबसल्याही टाकता येते, ग्राहकांच्या विभागात तशी सोय आहे. पण तिथल्या यादीत सगळ्या बँका नाहीत, तेव्हा आधी आपली बँक आहे का ते बघायचं.

ह्या ऑनलाइन कामांना लागतो ओटीपी, आणि तिथं आमचा खरा छळ सुरू होतो. आधारला जोडलेला मोबाइल कुठाय? "ते कार्ड बंद पडलं." "पोरगा पुण्याला घेऊन गेला." "नंबर लागतोय बघा, आजोबांचा आहे." पुण्याच्या पोराला फोन लावा, तो कंपनीत, उचलत नाही. उचलला तर ओटीपी सांगेपर्यंत दहा मिनिटं संपलेली. मागं आठ माणसं उभी, त्यातले दोघं "आमचं फक्त झेरॉक्सचं आहे" म्हणून ओरडतायत. नंबर बंद असेल तर आधार केंद्रात जा, 75 रुपये भरा, नवा नंबर चढवा. मग या. आधी येऊन काही होत नाही, आणि आम्ही मुद्दाम परत पाठवत नाही.

आणि आमच्यातलेच काही महाभाग, त्यांच्यावर तर सगळ्यात जास्त राग आहे. तीनशे-पाचशे घेऊन "सीडिंग मी करून देतो" म्हणणारे. बँकेत न जाता ते करतात काय, तर बऱ्याचदा अंगठा घेऊन आणखी एक नवं खातं उघडतात. नाव यादीत चढतं, हप्ता येतो, माणूस खूश. पण आता खाती चार झाली आणि चौथ्याचं पासबुक कुणाकडंच नाही. पुढच्या वेळी "माझे पैसे कुठं गेले" म्हणत तो माणूस त्यांच्याकडं जात नाही, आमच्या पायरीवर येऊन बसतो. तेव्हा अंगठा लावायच्या आधी विचारा, हा कशाचा अंगठा? पैसे काढायचा, ई-केवायसीचा, की नवीन खात्याचा? सांगता येत नसेल तर बोट मागं घ्या. आणि आमच्याकडं येताना पासबुकांचा गठ्ठा नसला तरी चालेल, आधारला जोडलेला मोबाइल चार्ज करून आणा.