सदर इसमाचा फोटो कसा पसरवावा

गेल्या महिन्यात माझा शालक फरार झाला. म्हणजे तो चोपडा तालुक्यातल्या आपल्या दुकानातच बसला होता, ठिबकच्या नळ्यांचं बंडल मोजत. पण रावेरपासून शिरपूरपर्यंतच्या ग्रुपांवर तो केळी उत्पादकांचे पैसे बुडवून पसार झाला होता, फोटोसकट. एवढी मोठी कामगिरी ज्यांनी घरबसल्या, चहा गार व्हायच्या आत पार पाडली, त्यांचं कसब वाया जायला नको. होतकरू मंडळींसाठी ते इथे मांडून ठेवतो.

आधी एक खरी घटना हवी. खोट्या घटनेवर कोणी विश्वास ठेवत नाही, खऱ्या घटनेवर खोटा चेहरा मात्र झकास बसतो. आमच्याकडे घटना होती. बाहेरचा एक व्यापारी आला, बाजारापेक्षा चार पैसे जास्त भाव बोलला, पहिल्या दोन-तीन गाड्यांचे पैसे बांधावर रोख मोजले. मग 'आठ दिवसांत देतो' म्हणून माल उचलत गेला आणि एके दिवशी फोन बंद. नेहमीचंच. गुन्हा दाखल झाला, पेपरात चौकट आली, चौकटीत नाव आलं, फोटो नव्हता.

आता इथे तुमचं काम सुरू होतं. आडनाव होतं पाटील. खान्देशात डोळे मिटून दगड भिरकावला तरी पाटलालाच लागतो. पहिलं नाव असं, की शाळेत हजेरी घेताना चार पोरं एकदम 'हजर' म्हणतील. हे नाव फेसबुकवर टाकायचं आणि जो पहिला दिसेल तो उचलायचा. यातली गंमत समजून घ्या. फेसबुक त्या नावाचे शेकडो लोक काही चिठ्ठ्या टाकून दाखवत नाही. ज्याच्याशी तुमचे चार मित्र सामाईक आहेत, जो तुमच्याच भागातला आहे, त्याला ते वर आणतं. म्हणजे फसवणारा बाहेरचा असला, तरी सापडतो तो तुमच्याच शेजारचा. माझा शालक असाच सापडला. त्याचा गुन्हा एवढाच, की त्याच्या बापाने बारशाला फार डोकं चालवलं नव्हतं.

फोटो निवडताना माणूस थोडा माजलेला दिसेल असा घ्यावा. शालकाचा पोळ्याचा फोटो घेतला होता: डोळ्यांवर गॉगल, डोक्याला फेटा, एक हात बैलाच्या शिंगावर. बैल कापला. दुसऱ्या बाजूला उभी असलेली माझी भाची कापली, तिची नुसती दोन बोटं बापाच्या सदऱ्याला धरलेली राहिली. (ती बोटं अजून त्या फोटोत आहेत. बघितलीत का कोणी?) स्क्रीनशॉट काढून कापलं की वरचं खात्याचं नाव जातं, खालची तारीख जाते, 'पोळ्याच्या हार्दिक शुभेच्छा' जातात. उरतो फक्त एक चेहरा, जो आता कोणाचाही असू शकतो.

मजकुरात 'सदर इसम' लिहायला विसरू नका.

रक्कम वाढवत न्या.

शेवटी 'खात्री करून घ्यावी' असं टाका. याचा अर्थ खात्री दुसऱ्याने करायची. तुम्ही मोकळे.

आता व्हॉट्सॲपवाल्यांनी २०१८ साली भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवायची मर्यादा घातली. २०२० साली, फार हिंडून आलेला निरोप असेल तर एका वेळी एकाच ठिकाणी, असं केलं. असा निरोप आला की वर दोन बाण दिसतात. ते दिसले तर वाईट वाटून घेऊ नका. आमच्या ग्रुपवरच्या नानांनी फोटो गॅलरीत उतरवून घेतला, मजकूर स्वतः टाइप केला, एक 'जागते रहो' जोडलं, आणि नव्याने टाकला. बाण गायब. त्यामुळे ज्यांना वाटतं की 'बाण नाही म्हणजे माणसाने स्वतः बघून लिहिलंय', त्यांचीही सोय झाली. आणि कोणी शहाणा तो फोटो गुगलवर उलटा शोधायला गेला, तरी बहुधा हात हलवत परत येतो, कारण लोकांच्या फेसबुकवरचे खासगी फोटो तिथे सहसा सापडत नाहीत. काही सापडलं नाही, म्हणजे फोटो खरा! असा निष्कर्ष आमच्या ग्रुपवर एका निवृत्त मुख्याध्यापकांनी काढला. मी शपथेवर सांगतो.

सगळ्यात महत्त्वाचं, खुलाशाला अजिबात भिऊ नका. खुलासा तुमचा मित्र आहे.

शालकाने चौथ्या दिवशी व्हिडिओ केला. दुकानात उभा राहून, मागे पाइपांचे वेटोळे, हातात आधार कार्ड. 'मी तो नव्हे, माझं केळीच्या व्यापाराशी घेणंदेणं नाही, मी ठिबकचं सामान विकतो.' घाबरलेला होता, दोनदा अडखळला. संध्याकाळपर्यंत त्या व्हिडिओतली एक चौकट कापून नवा फोटो हिंडायला लागला. 'सदर इसमाचा ताजा फोटो, वेश बदलला आहे.' जुन्या फोटोत गॉगल होता, निदान ओळखायला अवघड होतं. नव्यात बिचारा स्वच्छ दिसत होता. म्हणजे त्याने स्वतःच्या हाताने गावाला चांगला फोटो पुरवला.

हे आमच्या चोपड्यात पहिल्यांदा घडलं असं समजून फुशारकी मारू नका. २० जून २००९ ला तेहरानमध्ये निदर्शनांच्या वेळी नेदा आगा-सोल्तान नावाची तरुणी गोळी लागून रस्त्यात मेली. मरणाचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ जगभर गेला. लोकांना चेहरा हवा होता, जिवंतपणीचा, हसरा. कोणीतरी फेसबुकवर नाव शोधलं आणि सापडली नेदा सोल्तानी. वेगळी बाई. इंग्रजी साहित्य शिकवणारी, जिवंत, घरी बसलेली. तिचा फोटो मेलेल्या नेदाचा म्हणून वाहिन्यांवर झळकला, मिरवणुकांत फलकांवर चढला, लोकांनी त्यापुढे मेणबत्त्या लावल्या. हिने एका परदेशी वाहिनीला स्वतःचा आणखी एक फोटो पाठवला, की बघा, ही मी आहे, मी जिवंत आहे. तो फोटोही मेलेल्या नेदाचा म्हणूनच दाखवला गेला. तिने सांगायचा प्रयत्न केला, तर लोकांनी तिलाच सरकारची हस्तक ठरवलं. मेलेल्या मुलीच्या घरच्यांनी खरे फोटो दिले, तरी चुकीचा चेहरा काही उतरेना. उलट सरकारी माणसं तिच्यावर दबाव आणायला लागली, की 'मेलेली नेदा जिवंत आहे' असं दाखवून आम्हाला सोडव. दोन आठवड्यांत तिला देश सोडावा लागला. जर्मनीत आसरा मिळाला. घर, नोकरी, आई, सगळं मागे.

आडनावातला एक 'आगा' कोणी वाचला नाही, एवढंच झालं होतं.

आणि इथे चूक कोणती ते नीट बघा. नाव खरं होतं. फोटोही खरा होता, कोणी बनवला नव्हता. खोटा होता तो दोघांना चिकटवणारा डिंक. म्हणून फोटो खरा की खोटा हे विचारून काही हाती लागत नाही. विचारायचं ते हे, की नाव कुठून आलं आणि फोटो कुठून आला. नाव पेपरातून, फोटो फेसबुकवरून, मग हे दोघं एकाच माणसाचे हे कोणी बघितलं? आमच्या बाबतीत उत्तर एका फोनावर होतं. गुन्हा ज्या ठाण्यात नोंदला, तिथल्या हवालदाराने मला सांगितलं, 'आरोपी पन्नाशीचा आहे हो.' माझा शालक चौतीस वर्षांचा. फोनला दोन मिनिटं लागली. चारशे माणसांच्या ग्रुपात ती दोन मिनिटं एकाकडेही नव्हती!

बरं, आता सल्ले बास.

पेट्रोल पंपावर त्याला तिघांनी अडवलं. गाडीची किल्ली काढून घेतली. 'हाऊ तोच शे!' एक जण ओरडला, तिघांचे दहा झाले. पंपावरच्या पोराने ओळखलं म्हणून वाचला, त्या पोराने मागच्याच उन्हाळ्यात त्याच्याकडून ठिबकच्या लॅटरल नळ्या नेल्या होत्या. जळगावच्या घाऊक व्यापाऱ्याने उधारी बंद केली, ऐन हंगामात. नवं सामान नाही, म्हणून गिऱ्हाईक दुसरीकडे, आणि गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं म्हणून 'बघा, दुकान गुंडाळतोय'. भाची शाळेत जायला तयार नाही. त्याच्या बहिणीसाठी आलेल्या एका स्थळाने 'सध्या थांबू' म्हटलं. आणि ज्याने खरंच पैसे बुडवले तो पन्नाशीचा गृहस्थ त्या दिवसांत भुसावळ स्टेशनवर केळं सोलत बसला असता, तरी कोणी ढुंकून बघितलं नसतं. सगळे गॉगलवाला शोधत होते.

तुम्हाला लाज वाटत नाही का? आपण धुळे-जळगाव-नंदुरबारची माणसं, आपल्याला हे कोणी बाहेरून येऊन शिकवायला हवं का? १ जुलै २०१८ ला साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात आठवडे बाजाराच्या दिवशी मुलं पळवणारे समजून पाच माणसं ठेचून मारली. नाथपंथी डवरी गोसावी, भिक्षा मागत मंगळवेढ्याकडून आलेले. त्यांचे कोणाकडे फोटो नव्हते, नावं नव्हती. नुसते हिंडणारे व्हिडिओ होते, आणि 'अनोळखी दिसलं की तेच' एवढी अक्कल. तेव्हा आपण सगळ्यांनी मान खाली घातली होती. दोन महिने. मग परत मोबाइल हातात.

'आला तसा पाठवला' म्हणणाऱ्यांनो, उंदीर पडलेल्या विहिरीचं पाणी आलं तसं प्यायला देता का पाहुण्याला? ॲडमिन मला म्हणाले, कोर्टानेच सांगितलंय, सदस्याच्या पोस्टला ॲडमिन जबाबदार नाही. बरोबर, २०२१ चा नागपूर खंडपीठाचा निकाल तसा आहे. पण ग्रुपातला कोणाचाही निरोप सगळ्यांसाठी पुसायची सोय ॲडमिनला आहे, त्याला कोर्ट नाही लागत, एक बोट लागतं. मी पहिल्या दिवशी फोन केला होता. तेव्हा आपण लग्नात होतात. लग्न उरकून आल्यावर पुसलंत. तोवर तो पुढे गेलेल्या प्रत्येक ग्रुपात स्वतंत्रपणे नांदत होता, आणि तिथलं काही तुमच्या बोटाने पुसलं जात नाही.

काल नानांचा निरोप आला. चूक झाली म्हणाले, मोठ्या मनाने. ग्रुपवर दिलगिरी टाकणार आहेत. 'फक्त पाव्हण्यांचा एक चांगला, स्पष्ट फोटो पाठवून द्या, म्हणजे लोकांच्या लक्षात येईल.'

नाना, नाही पाठवणार.