प्रतिक्रियेला उत्तर : गढूळ पेन आणि राहून गेलेले जेवण

मिक्स इन्सुलिनचे, म्हणजे लवकर आणि सावकाश काम करणारे इन्सुलिन एकत्र असलेले, गढूळ पेन टोचण्याआधी हातात घोळवावे, ते जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यावे आणि मग जेवण चुकवू नये, असे मी माझ्या लेखात लिहिले होते. त्यावर आलेली वाचकाची प्रतिक्रिया :

«तुमच्या लेखाने लोक नाहक घाबरतील. माझे वडील सात वर्षे ३०/७० चे पेन वापरतात. ते कधीही हातात घोळवत बसत नाहीत, टोपी काढली की सुई लावतात, आणि त्यांना काहीही झालेले नाही. चतुर्थीला ते इन्सुलिन घेतच नाहीत, तरी ठणठणीत आहेत. शिवाय तुम्ही सरसकट ‘अर्धा तास आधी’ लिहिले आहे. आमच्या शेजाऱ्यांना डॉक्टरांनी जेवायला बसतानाच घ्यायला सांगितले आहे. मग खरे काय?»

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण तेथे चूक माझी आहे. मिक्स इन्सुलिन दोन जातींचे असते, आणि मी लेखात एकाच जातीचा विचार करून वाक्य लिहिले. आपल्या वडिलांचे ३०/७० जर जुन्या पद्धतीचे ‘ह्यूमन’ इन्सुलिन असेल, तर त्यातील लवकर काम करणारा भाग रक्तात उतरायला सुमारे अर्धा तास घेतो, म्हणून ते जेवणाच्या ३० मिनिटे आधी घ्यायचे असते. शेजाऱ्यांचे इन्सुलिन बहुधा ‘ॲनालॉग’ जातीचे असावे. त्यातील जलद भाग दहा-वीस मिनिटांतच काम सुरू करतो, त्यामुळे ते पान वाढले गेल्यावर किंवा फार तर दहा-पंधरा मिनिटे आधी घेतात. ॲनालॉग घेऊन अर्धा तास भाकरीची वाट पाहत बसणे धोक्याचे आहे, आणि ह्यूमन घेऊन लगेच जेवले तर जेवणानंतरची साखर चढते. खोक्यावर दोन्हींच्या नावापुढे ‘३०’ हा आकडा असू शकतो, म्हणून केवळ आकड्यावरून ठरवू नये. कोणत्या जातीचे आहे हे औषधाच्या दुकानात किंवा डॉक्टरांकडे एकदा विचारून पेनवरच चिकटपट्टीने लिहून ठेवावे. मूळ लेखातील ते वाक्य मी दुरुस्त केले आहे.

आता पेन घोळवण्याविषयी. मिक्स इन्सुलिनमध्ये १०० पैकी ३० भाग पाण्यात विरघळलेले, पारदर्शक आणि लवकर काम करणारे असतात. उरलेले ७० भाग म्हणजे सावकाश विरघळणारे अतिसूक्ष्म स्फटिक असतात, आणि पेन उभे राहिले की ते ताकाच्या निवळीखाली बसणाऱ्या साक्यासारखे तळाशी जातात. ज्या पेनमध्ये वर निवळ पाणी आणि खाली पांढरा थर दिसतो, त्यात एका नळीत दोन वेगळी औषधे आहेत असेच समजावे. न घोळवता वरच्या निवळ भागातून २० युनिटांचा डोस घेतला, तर शरीरात जेमतेम ६ युनिटांचे जलद इन्सुलिन जाते आणि सावकाश काम करणारे जवळजवळ जातच नाही. पुढे कधीतरी तो साका सुईच्या तोंडाशी येतो, आणि तेव्हा त्याच २० च्या खुणेवर सावकाश भाग कितीतरी जास्त जातो. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत रुग्णांच्या वापरातील अशा गढूळ इन्सुलिनच्या पेनांमधील स्फटिकी भाग प्रत्यक्ष मोजला गेला. तो अपेक्षेच्या ५ टक्क्यांपासून २१४ टक्क्यांपर्यंत निघाला होता, आणि पेन दहापेक्षा जास्त वेळा हलवणारे रुग्ण दहात एकही भरत नव्हते.

म्हणूनच ‘काही झालेले नाही’ हे वाक्य ऐकले की मी पहिल्यांदा साखरेची डायरी मागतो. न घोळवलेल्या पेनची साखर जेवणाच्या चालीने चालत नाही, ती पेनच्या चालीने चालते. समजा सकाळी २०, रात्री १२, आणि हवा काढण्यासाठी प्रत्येक वेळी २ युनिटे, असे दिवसाला ३६ युनिटे लागतात. ३०० युनिटांचे काट्रिज साधारण आठ दिवस पुरते. पेन टोपी वर करून उभे ठेवण्याची सवय असेल, तर पहिले चार-पाच दिवस निवळ भाग जातो आणि साखर चढी राहते, शेवटचे दोन-तीन दिवस साका जातो आणि साखर कोसळते. नवे काट्रिज घातले की पुन्हा तेच चक्र सुरू होते. मधल्या काळात डॉक्टरांनी चढी साखर पाहून डोस वाढवला असेल, तर शेवटचे दिवस आणखी वाईट जातात.

आमच्या दवाखान्यात मधुमेही रुग्णांना इन्सुलिन शिकवण्याचे काम मी करतो. तेथे पाहिलेली एक गोष्ट येथे सविस्तर सांगतो, कारण आपण चतुर्थीचा उल्लेख केला आहे. बासष्ट वर्षांच्या एक आजी, ह्यूमन ३०/७०, डोस वर लिहिला तोच. संकष्टीच्या दिवशी सकाळी साडेसातला त्यांनी नेहमीप्रमाणे २० युनिटे घेतली आणि आठला वाटीभर साबुदाण्याची खिचडी खाल्ली. त्या २० पैकी जलद ६ युनिटे खिचडीच्या कामी आली. उरलेली १४ युनिटे मात्र दुपारच्या जेवणासाठी होती. सावकाश भागाचा जोर टोचल्यापासून चार तासांनी सुरू होतो आणि बारा तासांपर्यंत राहू शकतो. सकाळी घेतलेले मिक्स इन्सुलिन म्हणजे दुपारच्या जेवणाचे आगाऊ घेतलेले औषध असते, हे आजींना कोणी सांगितलेच नव्हते. दुपारी त्यांनी बिनसाखरेचा चहा तेवढा घेतला. साडेतीनला त्या नैवेद्याचे उकडीचे मोदक वळायला बसल्या. ज्यांच्या मोदकाला मोजून एकवीस कळ्या पडतात, त्यांना त्या दिवशी पाकळीच धरता येईना. बोटे थरथरत होती, कपाळावर घाम होता, आणि सुनेने विचारले तेव्हा त्या तिच्यावरच चिडल्या. हे चिडणे लक्षात ठेवण्यासारखे आहे, कारण साखर उतरली की माणसाला स्वतःला कळण्याआधी घरच्यांना ते बोलण्यातून कळते.

सुनेने मीटर लावले, आकडा ४६ आला. ७० च्या खाली गेली की साखर कमी झाली असे धरतात, आणि ५४ च्या खाली मेंदूच्या कामावर परिणाम होऊ लागतो. आजींचे म्हणणे, चंद्रोदयापर्यंत काही घ्यायचे नाही. सुनेने वाद घातला नाही. साखर उपवासाला चालते, असे म्हणून तिने तीन चमचे साखर अर्ध्या पेला पाण्यात विरघळवून दिली. पंधरा मिनिटांनी आकडा ६३, पुन्हा तीन चमचे, आणि त्यानंतर ९२. येथे बरेच लोक थांबतात आणि तासाभराने साखर पुन्हा घसरते, कारण १४ युनिटांचे काम अजून संपलेले नसते. सुनेने दवाखान्यात फोन केला, आणि आमच्या सांगण्यावरून आजींना दूध व केळे दिले. मोदक किंवा पेढा ही घसरलेली साखर चटकन वर आणण्याची वस्तू नव्हे, कारण त्यातील खोबरे, तूप, खवा साखर रक्तात पोहोचायला उशीर करतात. शुद्ध हरपली असती तर तोंडात काहीही न घालता कुशीवर निजवून थेट रुग्णालय गाठावे लागले असते.

दुसऱ्या दिवशी त्या पेन घेऊन आल्या. ते फ्रिजमध्ये स्टीलच्या पेल्यात टोपी वर करून उभे असे. काट्रिजचा सातवा दिवस होऊन गेला होता, पन्नासच्या आसपास युनिटे उरली होती, आणि ती घट्ट ताकासारखी दिसत होती. म्हणजे आदल्या सकाळी १४ नव्हे, त्याहून बरेच अधिक सावकाश इन्सुलिन गेले असण्याची शक्यता होती, आणि नेमके त्याच दुपारी जेवण नव्हते. नुसते जेवण राहून गेले असते, तर साखर कदाचित ६० वर थांबली असती.

घोळवण्याला अर्धे मिनिटही लागत नाही. पेन आडवे धरून दोन तळहातांत दहा वेळा फिरवावे, मग दहा वेळा वरचे टोक खाली आणि खालचे वर असे सावकाश उलटसुलट करावे. आतली काचेची बारीक गोळी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली पाहिजे, कारण ढवळण्याचे काम तीच करते. रंग सगळीकडे सारखा दुधाळ दिसेपर्यंत हे चालू ठेवावे. तापमापक झटकतात तसे झटकू नये, त्याने फेस होतो आणि डोस चुकतो. फ्रिजमधून काढलेले गार पेन नीट मिसळत नाही, म्हणून ते थोडा वेळ बाहेर ठेवावे. तळाशी १२ पेक्षा कमी युनिटे उरली की गोळीला हलायला जागाच राहत नाही, तेव्हा ते काट्रिज बाजूला ठेवून नवे घ्यावे. मिसळूनही गुठळ्या राहिल्या किंवा काचेला पांढरे कण चिकटून बसले, तर ते औषध खराब झाले आहे.

राहिला उपवास. वडिलांनी इन्सुलिन पूर्ण बंद ठेवून साबुदाणा, भगर, बटाटा खाल्ला, तर साखर खाली जाणार नाही हे खरे, पण त्या दिवशी ती किती वर जाते हे आपण मोजले आहे का? साबुदाणा हा जवळपास निव्वळ पिष्टाचा पदार्थ आहे. उपवासाच्या दिवशी डोस किती कमी करायचा हे डॉक्टरांनी आधी लिहून दिलेले असावे. ते प्रत्येकाचे वेगळे असते, आणि टाइप १ मधुमेहात मनाने इन्सुलिन बंद करणे जिवावर बेतू शकते. रात्रीच्या डोसाचे मात्र सर्वांना सांगता येईल : चंद्रोदय पावणेदहाचा असताना घड्याळाच्या सवयीने आठला सुई टोचून घेऊ नये. वेळ घड्याळावरून नव्हे, पानावरून धरावी. टोचून झाल्यावर जेवण लांबले तर नियमाकडे न पाहता दूध, केळे असे काहीतरी पोटात घालावे आणि साखर तपासावी. रात्रीच्या डोसाचा सावकाश भाग मध्यरात्रीनंतर जोरावर येतो, आणि जेवण न करता झोपलेल्या माणसाला घामाने भिजलेला सदरा किंवा वाईट स्वप्न एवढीच खूण मिळते.

सात वर्षांविषयी एक गोष्ट जपून सांगतो. वारंवार साखर उतरत राहिली, की थरथर आणि घाम या पूर्वसूचना बोथट होत जातात. रक्तदाबाच्या काही गोळ्याही धडधड आणि थरथर झाकतात. तेव्हा ‘काही जाणवले नाही’ आणि ‘काही झाले नाही’ यांत अंतर असू शकते. आज रात्री वडिलांचे पेन न हलवता उजेडासमोर धरून पाहावे. थर दिसला, तर येथून पुढे काट्रिज बदलण्याच्या प्रत्येक दिवशी डायरीत एक खूण करावी, आणि दोन काट्रिजे संपल्यावर ती पाने डॉक्टरांना दाखवावीत. आणखी एक : आजपासून पेन नीट घोळवू लागले, तर तोच डोस पूर्वीपेक्षा जास्त काम करील, म्हणून पहिले काही दिवस दुपारी जेवणापूर्वी आणि पहाटे तीनच्या सुमारास साखर तपासावी.