सेहेचाळीस मिनिटांचा जाब

आमच्या भिवंडीच्या गोदामात ऑर्डर येते, माल रॅकवरून उतरतो, पॅक होतो, लेबल लागतं आणि खोका कुरिअरवाल्याच्या ताब्यात जातो. या सगळ्याला सरासरी किती मिनिटं लागली, तो आकडा रोज रात्री साहेबांच्या मोबाइलवर पोचतो आणि सकाळी त्याचा जाब मला द्यावा लागतो.

"परवा ४१, काल ४६. काय झालं?"

काही झालेलं नसतं. पण पगार घेणाऱ्या माणसाला "काही नाही" हे उत्तर देता येत नाही. म्हणून मी पाऊस, गणपती, नाक्यावरचं ट्रॅफिक अशी कारणं शिल्लक ठेवून असायचो. ट्रॅफिकचा पॅकिंगशी काय संबंध, हे साहेबांनी कधी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी आकडा ३९ झाला की ते खूश. "बघ, ओरडलो म्हणून सुधारलं!" वर गेलेला आकडा न ओरडताही बहुधा खाली येतो, पण हे सांगायला ज्या वयात नोकरी सोडता येते ते वय माझं नव्हतं.

शेवटी मी कंट्रोल चार्ट काढला, म्हणजे रोजच्या आकड्याचा एकेक ठिपका मांडायचा आणि नेहमीचा चढउतार कुठवर, हे दाखवणारी एक रेघ वर, एक खाली आखायची. १९२४ साली अमेरिकेत वेस्टर्न इलेक्ट्रिक या टेलिफोनचं सामान बनवणाऱ्या कंपनीत वॉल्टर श्यूहार्ट यांनी तो पहिल्यांदा मांडला, एका पानाच्या टिपणात. आमच्याकडे चहाच्या बिलाचं टिपणसुद्धा एका पानात बसत नाही.

करायचं एवढंच, की लागोपाठच्या दोन दिवसांतला फरक घ्यायचा. ४१ नंतर ४६ म्हणजे ५, ४६ नंतर ३९ म्हणजे ७. वाढ की घट, हे बघायचं नाही. महिनाभराच्या फरकांची सरासरी आमची आली ५. तिला २.६६ या ठरलेल्या आकड्याने गुणलं की १३.३. रोजच्या वेळेची सरासरी होती ४२. तिच्यात १३.३ मिळवले की वरची रेघ ५५.३ वर, वजा केले की खालची २८.७ वर. या दोन रेघांच्या मध्ये आकडा कसाही नाचला, तरी तो एकेका दिवसाचं कारण विचारायच्या लायकीचा नाही. म्हणजे माझ्या आजवरच्या सगळ्या सकाळी फुकट गेल्या होत्या.

एकदा आकडा ६३ वर गेला होता. कुरिअरचं सॉफ्टवेअर दुपारभर बंद होतं. रेघेबाहेरचा तो एकमेव ठिपका, आणि त्या दिवशी मला कोणी काही विचारलं नाही, कारण साहेब स्वतःच सॉफ्टवेअरवाल्याला फोनवर झापत होते.

खरी गंमत ४९ च्या दिवशी झाली. ४९ म्हणजे रेघेच्या चांगलं आत. पण साहेबांनी तडकाफडकी हुकूम काढला, की प्रत्येक खोका दुसऱ्या माणसाने तपासायचा आणि रजिस्टरात सही करायची. पॅकिंगचे मामा म्हणाले, "सही करतो, पण पेन कुठंय?" पेन एकच होतं. ते दोरीने खांबाला बांधलेलं, आणि खांब पॅकिंगच्या टेबलापासून चांगला लांब.

त्यानंतरचे आकडे: ४४, ४७, ४५, ४३, ४८, ४६, ४४, ४७. रेघेबाहेर एकही नाही. साहेब निवांत, मीही जाबमुक्त. पण हे आठही ठिपके ४२ च्या वर होते. काही बिघडलेलं नसेल, तर ठिपका सरासरीच्या वर की खाली हा नाण्याचा खेळ. लागोपाठ आठदा छापा पडायची शक्यता २५६ मध्ये एक. ओळीने आठ एकाच बाजूला दिसले, की सरासरीच सरकली असं धरून कारण शोधायचं.

अकाउंट्सचे काका म्हणाले, "कशाला शोधताय? हे नवे दिवस आणि तो ६३ घालून रेघा पुन्हा काढा." ही युक्ती फार लोकप्रिय आहे. बिघाडालाच हिशेबात घेतलं, की सरासरीही वर सरकते, रेघाही फाकतात आणि आजार रिपोर्टमधून बरा होतो. मी जुन्याच रेघा ठेवल्या, आठ ठिपक्यांभोवती लाल गोल केला आणि त्यांच्या सुरुवातीला तारीख लिहिली. रजिस्टराच्या पहिल्या पानावरही तीच तारीख होती, साहेबांच्या सहीसकट.

साहेबांनी बराच वेळ चार्ट बघितला. मग रजिस्टर "तात्पुरतं" बंद झालं. आकडे पुन्हा ३८, ४४, ४१, ४५ असे वरखाली नाचू लागले. मी सुटकेचा श्वास टाकला.

आता चार्ट साहेबांच्या केबिनमध्ये लावलेला आहे आणि रोज सकाळी त्याच्यापुढे उभं करून मला विचारलं जातं, "ते रेघाबिघा ठीक आहे रे, पण निम्मे दिवस आपण सरासरीच्या वर का?"