"परत येईन" असं शपथेवर लिहून काय होणार? एका प्रतिक्रियेला उत्तर

"ताई, डोंबिवलीच्या ज्या मुलीचा कॅनडाचा स्टुडंट व्हिसा नाकारला, तिचं अपीलचं पत्र तुम्ही लिहून दिलंत, पण त्यात आईबाबांची तब्येत, एकुलती एक असणं, फ्लॅटचं व्हॅल्युएशन सगळं काढून टाकलंत. परत येईन अशी साधी शपथसुद्धा नाही! कॅनडावाल्यांना नेमकं तेच तर हवं असतं. आमचा एजंट म्हणतो अपील-बिपील सोडा, नवीन अर्ज टाका आणि जुन्या रिजेक्शनचा विषयच काढू नका." – एक पालक, मुलुंड

दादा, शेवटचं आधी घेते कारण ते धोक्याचं आहे. नवीन अर्जात "आधी कधी व्हिसा नाकारलाय का" हा प्रश्न सरळ विचारलेला असतो आणि जुनी फाइल त्यांच्याच सिस्टीममध्ये पडलेली असते. तिथे "नाही" लिहिलं तर ती चुकीची माहिती देणं धरली जाते, आणि त्याला पाच वर्षं बंदी लागू शकते. एजंटचं काय जातंय, फी त्याने घेतलेलीच असते.

आता पत्राबद्दल. आपण सगळे अपील म्हणतो खरं, पण कॅनडाच्या स्टडी परमिटला तसं अपील नसतंच. वेबफॉर्मवरून फेरविचाराची विनंती करता येते, तिला फी नाही पण ती ऐकायचीच असं बंधनही नाही, किंवा फेडरल कोर्टात जाता येतं आणि त्याला भारतातून अर्ज केला असेल तर निर्णय कळल्यापासून 60 दिवस मिळतात. फेरविचाराचं पत्र पाठवलं म्हणून ते 60 दिवस थांबत नाहीत, हे बऱ्याच जणांना फार उशिरा कळतं. आणि कोर्ट साधारणपणे ऑफिसरसमोर तेव्हा जे कागद होते तेवढेच बघतं. म्हणून पहिला प्रश्न असा की ऑफिसरने फाइलमधलं काही बघितलं नाही, की आपणच दिलं नव्हतं? दिलंच नसेल तर पत्रात वेळ घालवू नका, सरळ नवीन अर्ज, रिजेक्शन सांगून.

हे रिजेक्शनच्या पत्रावरून कळत नाही, त्यात ठरावीक वाक्यं असतात. ऑफिसरच्या नोट्स लागतात. हल्ली काही जणांना त्या पत्रासोबतच येतात, नाहीतर मागवायच्या. या मुलीच्या फाइलवरच्या नोट्समध्ये दोनच गोष्टी होत्या, एक म्हणजे अविवाहित, कुणी अवलंबून नाही, भारतात फारसे बंध नाहीत, आणि दुसरी म्हणजे सिव्हिलची डिग्री आणि नोकरी असताना हा कोर्स कशाला, ते पटत नाही.

आणि गंमत बघा, कंपनीचं पत्र फाइलमध्ये होतं! बिनपगारी रजा मंजूर, परत आल्यावर प्लॅनिंगमध्ये घेऊ, पदाच्या नावासकट, सहीशिक्क्यानिशी. पण ते अर्जातल्या क्लायंट इन्फर्मेशन या भागात टाकलेल्या एकाच पीडीएफमध्ये मार्कशीट, बँक स्टेटमेंट आणि त्या फ्लॅटच्या व्हॅल्युएशनच्या मागे कुठेतरी दडलेलं, आणि नोट्समध्ये त्याचा उल्लेखच नाही. मग पत्राचा पहिला परिच्छेद यावरच केला: अमुक पानावर हे पत्र आहे, निर्णयात त्याचा विचार झालेला दिसत नाही.

दुसरा परिच्छेद कोर्सचा. ती अंधेरीत बिलिंग इंजिनियर आहे, म्हणजे साइटवरची मापं घेऊन झालेल्या कामाची महिन्याची बिलं बनवते. काम लांबलं की कंत्राटदार वाढीव पैसे मागतो, तो क्लेम कसा तपासायचा, उशीर कुणामुळे झाला ते कागदावर कसं दाखवायचं, हे तिला डिग्रीत शिकवलं नव्हतं आणि तिची कंपनी ते काम बाहेरच्या कन्सल्टंटला देते. कोर्समध्ये नेमके त्याचेच दोन विषय आहेत. "करियर ग्रोथ, ग्लोबल एक्स्पोजर" असली वाक्यं सगळ्यांच्याच पत्रात असतात, ती मी उडवली.

फ्लॅटचं म्हणाल तर तो बाबांच्या नावावर आहे. फी कोण भरणार याला तो उपयोगी, ती परत का येईल याला नाही. आईबाबांची तब्येत मूळ अर्जात नव्हती, आता घातली तर नकार मिळाल्यावर सुचलं असंच दिसणार. अविवाहित असण्याबद्दल मात्र एक वाक्य ठेवलंय, कारण बहुतेक विद्यार्थी तरुण आणि अविवाहितच असतात आणि तेवढ्यावरून नकार टिकत नाही असं फेडरल कोर्टानेच अनेक निकालांत म्हटलंय.

आणि शपथ. नियम एवढंच बघतो की परवानगीची मुदत संपली की ती कॅनडा सोडेल का. पुढे कधीतरी तिथे कायम राहायची इच्छा असणं त्यांच्या इमिग्रेशन कायद्यात गुन्हा नाही, कलम 22(2) मध्ये तसं स्पष्ट आहे. मग "मी कधीही तिथे राहणार नाही" असं कशाला लिहून द्यायचं, जे उद्या वर्क परमिटचा अर्ज करताना तिच्याच अंगाशी येईल? "मिळालेली मुदत पाळीन" एवढं पत्रात आहे आणि तेवढं पुरे.

उत्तर अजून आलेलं नाही. ती 60 दिवसांची तारीख बाबांनी कॅलेंडरवर लिहून ठेवलीय, त्याच्या बरंच आधी वकिलाला फाइल दाखवायची की नवीन अर्ज टाकायचा ते ठरवतील. कॉलेजकडून प्रवेश पुढच्या सत्राला ढकलून मिळतोय का, ते मात्र आत्ताच विचारायला सांगितलंय.